शटर उघडं असताना रिक्षा किती सरकते

मला हवा होता तो फोटो असा: रिक्षा इतकी स्वच्छ की तिच्या अंगावर रंगवलेली अक्षरं वाचता यावीत, आणि मागची झाडं, खांब, उभ्या केलेल्या मोटारसायकली हे सगळं आडव्या रेघांत ओढलेलं. सोलापुरात सकाळी कामावर निघालेल्या माणसांच्या घाईचं चित्र मला तसंच दिसतं. १/१००० सेकंदाच्या शटरने टिपलेल्या फोटोत तीच रिक्षा रस्त्याकडेला उभी केल्यासारखी वाटते. चाकापासून रस्त्यावरच्या खडीपर्यंत सगळं गोठून जातं आणि वेग कुठेच उरत नाही.

शटर हळू ठेवायचं आणि कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा, हे पॅनिंगचं सूत्र कुणीही सांगतं. पण शटर किती हळू, याला लोक एक ठरलेला आकडा देतात. कुणी म्हणतं १/६०, कुणी १/३०. हा आकडा कुठून येतो हे कळल्यावर माझं काम खरं सुरू झालं, म्हणून आधी तोच हिशेब सांगते.

आमच्या गल्लीतले एक मामा रिक्षा चालवतात. त्यांना मी विनंती केली की होटगी रोडवर सकाळी एकाच वेगाने चार-पाच फेऱ्या मारा, पेट्रोलचे पैसे मी देते. "पैशाचं राहू दे, पण फोटो मला द्यायचा बरं का पोरी," एवढीच त्यांची अट. वेग ठरला ताशी ३५-३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १० मीटर. मी रस्त्यापासून जरा आत, एका मोकळ्या जागेच्या कडेला उभी होते. माझ्यापासून रिक्षाच्या मार्गापर्यंत अंदाजे १२ मीटर अंतर होतं. माझा कॅमेरा छोट्या सेन्सरचा, एपीएस-सी, आणि लेन्स ५० मिमीची. या अंतरावर या लेन्सच्या चौकटीत रस्त्याचा साडेपाच मीटरपेक्षा थोडा जास्त भाग मावतो. रिक्षा अडीच-पावणेतीन मीटर लांब, म्हणजे ती जवळजवळ अर्धी चौकट व्यापते आणि पुढे धावायला जागाही उरते.

आता शटर १/३० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात रिक्षा ३३ सेंटिमीटर पुढे सरकते. कॅमेरा रिक्षावर खिळलेला असेल तर फोटोत रिक्षा जागच्या जागी राहते आणि तेवढीच मागची दुनिया उलट दिशेला ओढली जाते. साडेपाच मीटरच्या चौकटीत ३३ सेंटिमीटर म्हणजे चौकटीच्या रुंदीचे सुमारे ६ टक्के. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौकट ६००० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे प्रत्येक पान, प्रत्येक खांब साडेतीनशे पिक्सेल लांब रेघ होतो. ही रेघ डोळ्याला स्पष्ट "वेग" म्हणून वाचता येते. १/१२५ ला रिक्षा ८ सेंटिमीटरच सरकते, रेघ दीड टक्क्याची होते आणि मागचं दृश्य नुसतं फोकस चुकल्यासारखं दिसतं. तसले फोटो मला भित्रे वाटतात. १/१५ ला उलट रेघ १२ टक्क्यांची होते, झाडांचा नुसता हिरवा पट्टा उरतो आणि सोलापूर की सांगली हे ओळखू येत नाही. मला झाडं झाडं म्हणून कळायला हवी होती, म्हणून १/३०.

हा हिशेब एकदा डोक्यात बसला की कुठल्याही गाडीला लावता येतो. गाडी किती जोरात जाते, शटर उघडं असताना ती किती सरकते, आणि चौकटीत रस्त्याचे किती मीटर मावतात. सायकलवाला सेकंदाला चार मीटर जातो. तेवढ्याच रुंद चौकटीत त्याला १/३० लावलं तर रेघ जेमतेम सव्वादोन टक्के. त्याला १/१५ किंवा त्याहून हळू जावं लागतं. महामार्गावरच्या गाडीला १/६० सुद्धा पुरतं.

आणखी एक गोष्ट याच हिशेबातून निघते. पार्श्वभूमी लांब असेल तर जास्त ओढली जाते असं मी कितीदा ऐकलं होतं. पण मी एका जागी उभी राहून कॅमेरा फक्त फिरवते, तेव्हा दहा फुटांवरचा खांब आणि पार लांबची टाकी दोन्ही सारख्याच कोनातून सरकतात. रेघांची लांबी सारखीच येते. त्यामुळे पार्श्वभूमी निवडताना ती किती लांब आहे याचा विचार मी सोडून दिला आणि तिच्यात काय आहे हे बघू लागले.

हे बघणं फार महत्त्वाचं ठरलं. आधी माझ्या मनात नवी पेठ होती. पहाटे दुकानं बंद, रस्ता मोकळा, रिक्षा सरळ येतात. पण बंद दुकानांची लोखंडी शटरं म्हणजे एकावर एक आडव्या पट्ट्या. आडवी रेघ आडवीच ओढली तर ती आहे तशीच दिसते! तिथल्या फोटोंत रिक्षाचा वेग होता, हातही बरा जुळला होता, तरी मागचं शटर जसंच्या तसं उभं दिसत होतं, जणू रिक्षा दुकानासमोर थांबलीय. रेघा उमटायला पार्श्वभूमीत उभ्या गोष्टी आणि ठिपके हवेत. खांब, झाडांचे बुंधे, पानांमधून गळणारं ऊन, उभ्या गाड्यांच्या आरशांवरची चमक. म्हणून मी होटगी रोडवरची कडुलिंबाची एक रांग निवडली. सकाळी ऊन माझ्या पाठीमागून येत होतं आणि समोरच्या पानांवर उजेडाचे बारीक ठिपके पडत होते. त्यातला प्रत्येक ठिपका एक उजळ रेघ झाला.

सोलापुरातली दुसरी अडचण म्हणजे ऊन. भर उन्हात आयएसओ १०० ला लेन्सचं छिद्र एफ १६ ठेवलं तर बरोबर उजेड येतो तो साधारण १/१०० ला. १/३० हवं तर उजेड तिपटीपेक्षा जास्त होतो आणि फोटो पांढरा पडतो. छिद्र एफ २२ पर्यंत आवळलं तरी १/५० च्या आसपासच थांबावं लागतं. शिवाय एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ होतो. त्यात धूळ. आपल्याकडे लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसणार हे ठरलेलंच. एफ २२ ला ती धूळ काळ्या गोल ठिपक्यांसारखी दिसते आणि पॅनिंगमध्ये ती जास्तच डोळ्यात भरते, कारण मागचं सगळं ओढलं जातं पण धूळ सेन्सरवरच असल्याने स्पष्ट राहते. सगळ्या फोटोंत एकाच जागी ठिपका दिसला की तो धुळीचा, हे ओळखायला सोपं.

यावर दोन उपाय आहेत. एक, सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाभरात काम उरकायचं. तेव्हा एफ ११ ते एफ १६ मध्ये १/३० आरामात मिळतं. हिवाळ्यात हा वेळ जरा लांबतो, एप्रिल-मेमध्ये तो बघता बघता संपतो. दुसरा, लेन्सवर काळी काच लावायची, म्हणजे एनडी फिल्टर. ८ पट उजेड कापणारा फिल्टर लावला की भर उन्हातही १/३० ला एफ १० पर्यंत छिद्र उघडता येतं. मी बहुतेक काम सकाळीच केलं. सकाळचं ऊन तिरपं पडतं, रिक्षाच्या अंगाला उठाव येतो. दुपारी बाराला टपाची सावली चालकाच्या तोंडावर पडते आणि चेहराच हरवतो.

फोकसचं काम मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. एफ १६ ला ५० मिमीच्या लेन्सने १२ मीटरवर फोकस लावला तर पाचेक मीटरपासून पुढचं जवळजवळ सगळंच स्पष्ट येतं. म्हणून मी रस्त्यावरच्या एका खुणेवर फोकस लावला आणि स्वयंचलित फोकस बंद करून टाकला. फिल्टर लावून छिद्र उघडलं तर ही चैन राहत नाही. मग कंटिन्युअस फोकस लावून एकच बिंदू चालकाच्या छातीवर धरून ठेवावा लागतो. लेन्समध्ये हात-थरथर रोखणारी सोय असेल तर तिचा पॅनिंगसाठीचा दुसरा मोड आहे का ते बघावं. तो फक्त वरखाली हलणं रोखतो आणि आडवं फिरणं मोकळं सोडतो. पहिल्या मोडमध्ये काही लेन्स तुमच्या फिरवण्यालाच थरथर समजून मागे खेचतात.

आता हाताचं काम.

साडेतीनशे पिक्सेलची रेघ हवी आणि रिक्षा पाच-सात पिक्सेलच्या आत स्थिर हवी. म्हणजे माझा फिरवण्याचा वेग रिक्षाच्या वेगाशी शंभरात दोनच्या फरकाने जुळायला हवा. हे मनात ठरवून जमत नाही, शरीरानेच करावं लागतं. बहुतेक फोटो फसतात ते इथेच, आणि चांगल्या जाणकारांचेही फसतात.

रिक्षा लांबून येते तेव्हा ती हळू सरकल्यासारखी वाटते. समोरच्या बिंदूपासून ती १२ मीटर मागे असते, म्हणजे माझ्या नजरेच्या ४५ अंशांत असते, तेव्हा कॅमेरा फिरवायचा वेग समोरच्या वेगाच्या निम्माच लागतो. मग तो वाढत जातो, बरोबर समोर येताना सगळ्यात जास्त होतो आणि पुन्हा उतरतो. सुरुवातीला हात मागे पडतो तो यामुळे. डोळ्याने रिक्षाचा आधीचा वेग धरलेला असतो आणि समोर येईपर्यंत ती पुढे निघून गेलेली असते.

पण यातच सोयही आहे. बरोबर समोरच्या बिंदूच्या दोन मीटर अलीकडे आणि दोन मीटर पलीकडे हा वेग जवळजवळ बदलत नाही, फरक फार तर तीन टक्क्यांचा. चार मीटरचा हा टप्पा रिक्षा पाव सेकंदापेक्षा जास्त, पण अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळात ओलांडते. फोटो तेवढ्यातच घ्यायचा. माझा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढतो, म्हणजे त्या टप्प्यात दोन मिळतात. त्यातला दुसरा जास्त वेळा चांगला येतो, कारण बटण दाबताना बोटाने कॅमेरा किंचित खाली दबतो आणि तो धक्का पहिल्या फोटोत उमटतो. म्हणून बटण थोडं आधी दाबून धरायचं, टप्पा येण्याअगोदरच.

उभं कसं राहायचं ते मला स्टुडिओवाल्या काकांनी दाखवलं. ते चाळीसेक वर्षं लग्नाचे फोटो काढतात. त्यांनी पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढली आणि म्हणाले, "पाय इकडं करून उभारायचं, जिथं फोटो घ्यायचाय तिकडं. रिक्षा येती तिकडं नव्हं." पाय समोरच्या बिंदूकडे ठेवले की रिक्षा येताना कंबर मागे वळलेली असते, पीळ बसलेला असतो, आणि ती समोर येते तेव्हा तो पीळ सुटून शरीर मोकळं होतं. पाय रिक्षाकडे केले तर नेमकं समोर येताना कंबर अडते आणि कॅमेरा थांबतो. कोपरं बरगड्यांना टेकलेली, कॅमेरा चेहऱ्याला घट्ट, वळायचं फक्त कमरेतून. आणि फोटो घेऊन झाल्यावरही फिरवत राहायचं, रिक्षा दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत. बटण सोडल्या सोडल्या थांबायचं असं डोक्यात असेल तर हात शेवटच्या फोटोतच मंदावायला लागतो.

बाजू निवडतानाही थोडा विचार लागतो. आपण डावीकडून गाड्या चालवतो, त्यामुळे रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की जवळच्या बाजूच्या गाड्या उजवीकडून डावीकडे जातात आणि पलीकडच्या डावीकडून उजवीकडे. मला डावीकडून उजवीकडे फिरायला जास्त सोपं जातं, पण पलीकडची रिक्षा टिपताना मध्येच एखादी स्कूटी येते आणि चौकट खाऊन टाकते. म्हणून जवळच्या बाजूची रिक्षा घ्यायची आणि स्वतः आत सरकून १२ मीटर अंतर करायचं, हा मधला मार्ग. मोकळी जागा शोधायला वेळ गेला तो यासाठी. खड्डा आणि गतिरोधक समोर नाही ना, हेही चालत जाऊन बघितलं होतं. रिक्षा उसळली की हात कितीही चांगला असला तरी काही चालत नाही, कारण त्या क्षणी ती वर जाते आणि कॅमेरा आडवाच फिरतो.

फोटो फसला तर का फसला हे कसं ओळखायचं, हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला भाग. मामांच्या रिक्षाच्या बाजूला पिवळ्या रंगात "श्री सिद्धेश्वर प्रसन्न" लिहिलेलं आहे. काकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती अक्षरं पूर्ण मोठी केली आणि मला विचारलं, "आडवी रेघ बघ. मग उभी बघ. काय दिसायलंय?"

शिरोरेषा स्वच्छ होती, वरखाली कडा धारदार. पण अक्षरांचे काने, "श्री"तली वेलांटी, "प्र"चा दंड हे सगळं आडवं फाकून जाड झालं होतं आणि दोन दंडांमधली जागा भरून गेली होती. याचा अर्थ हात वरखाली हलला नव्हता, पण आडवा वेग जुळला नव्हता. मी रिक्षापेक्षा हळू किंवा जास्त जोरात फिरले होते. दुसऱ्या एका फोटोत उलट झालं होतं. काने सरळ आणि बारीक, पण शिरोरेषा दुहेरी, एकाखाली एक दोन रेघा. तिथे आडवा वेग उत्तम जुळला होता आणि हात किंवा रिक्षा वरखाली झाली होती. देवनागरीत शिरोरेषा आडवी आणि काना उभा, त्यामुळे कुठलीही रंगवलेली पाटी आपल्याला दोन्ही दिशांची चूक वेगवेगळी करून दाखवते. तेव्हापासून मी गाडी निवडतानाच तिच्या बाजूला काही लिहिलंय का ते आधी बघते.

हात की रिक्षा, हे मागच्या रेघांवरून कळतं. शिरोरेषा दुहेरी आहे आणि मागच्या रेघाही नागमोडी आहेत, तर हात हलला. मागच्या रेघा सरळ आणि शिरोरेषा दुहेरी, तर हात बरोबर होता, रिक्षाच उसळली. रेघा सरळ पण एका बाजूला चढत गेलेल्या असतील तर कॅमेरा तिरका धरला होता. उजेडाच्या एखाद्या बारीक ठिपक्याची रेघ बघायची, तिच्यात हाताची सगळी हालचाल लिहिलेली असते. आणि काना-शिरोरेषा दोन्ही सारखीच मऊ, कुठल्याच दिशेला ओढलेली नाहीत, तर फोकस चुकला किंवा छिद्र फार बारीक झालं.

चाकांकडे बघून मात्र निर्णय घेऊ नये. चाकाचा मधला भाग रिक्षाबरोबर सरळ जातो म्हणून तो स्पष्ट असायला हवा. पण कड फिरत असते, ती धूसर येणारच. टायर जिथे रस्त्याला टेकतो तो बिंदू तर त्या क्षणी रस्त्यासोबत स्थिर असतो, त्यामुळे तो रस्त्यासारखाच ओढला जातो. चाकाच्या धुरकट कडेमुळे एक चांगला फोटो मी टाकून देणार होते, काकांनी थांबवलं. फिरणारं चाक तसंच हवं, नाहीतर रिक्षा घसरत चाललीय असं वाटेल.

मामांच्या फेऱ्यांमधून निवडलेल्या फोटोत अक्षरं पूर्ण वाचता येतात, मामांचा डावा हात हँडलवर घट्ट आहे, आणि मागे कडुलिंबाचे बुंधे तपकिरी पट्टे होऊन गेलेत. रिक्षाची दोन्ही टोकं मध्यापेक्षा किंचित मऊ आहेत. आधी मला ते समजलं नाही. ते समजलं बसमुळे.

रिक्षानंतर मला लाल एसटी हवी होती. त्याच जागी, त्याच १२ मीटरवर, रुंद लेन्स लावून मी एसटी टिपायला लागले. मध्यभाग चांगला येई, खिडकीतले प्रवासी ओळखू येत, पण पुढचं टोक आणि मागचं टोक दोन्ही ओढलेली. हात कितीही जुळवला तरी हेच. आणि हे हाताने सुधारणारं नाहीच. कॅमेरा गोल फिरतो, बस सरळ जाते. एसटी दहा-अकरा मीटर लांब. मध्यभाग माझ्यापासून १२ मीटरवर असतो तेव्हा दोन्ही टोकं तेरा मीटरपेक्षा जास्त लांब असतात आणि मला तिरकी दिसतात. त्यामुळे ती मध्यापेक्षा हळू सरकल्यासारखी दिसतात. मी मध्याचा वेग धरला की टोकांना तो जास्त होतो. हिशेब केला तर टोकांवर येणारी रेघ मागच्या रेघेच्या २१ टक्के निघते. मागची रेघ तीनशे पिक्सेलची केली तर बसची टोकं साठपेक्षा जास्त पिक्सेल ओढली जाणार. रिक्षाच्या टोकांना हाच आकडा जेमतेम एक टक्का येतो, म्हणून तिथे ते खपून जातं.

उपाय म्हणजे मागे सरकणं. ३० मीटरवर गेलं की तीच बस नजरेत कमी कोन व्यापते आणि टोकांचा आकडा २१ वरून साडेतीन टक्क्यांच्याही खाली येतो. चौकट तेवढीच ठेवायची म्हणजे लेन्स ५५ मिमीच्या आसपास लागते. मागे सरकलं तर पार्श्वभूमीच्या रेघा लहान होतील अशी मला धास्ती होती, पण पहिला हिशेब पुन्हा लावला तर तसं होत नाही. चौकटीत तेवढेच मीटर मावतात आणि बस तेवढीच सरकते, मग रेघही तेवढीच.

३० मीटर मागे जायला शहरात जागा मिळेना, म्हणून मी पुणे रस्त्यावर बाळे गावाच्या पुढे गेले. शेताच्या कडेला उभं राहून जवळच्या बाजूची वाहतूक मोकळी दिसते. तिथे एसटी ताशी ६० ने जाते, सेकंदाला सोळा-सतरा मीटर. १/३० ला ती अर्ध्या मीटरपेक्षा जास्त सरकते. १३ मीटरच्या चौकटीत हे चार टक्क्यांहून थोडं जास्त, म्हणजे अडीचशे पिक्सेलची रेघ, आणि टोकांवर आठ-नऊ पिक्सेल. छापलेल्या फोटोत ते दिसतही नाही. शिवाय लांबून बस अंगावर आल्यासारखी वाटत नाही आणि हात शांतपणे फिरतो, कारण फिरवायचा वेग शहरातल्या रिक्षापेक्षाही कमी लागतो. एवढं मात्र पाळायला हवं की ऊन चढायच्या आत काम व्हावं. तापलेल्या डांबरावरून हवा थरथरायला लागली की तीस मीटरवरून बसची खालची कड वितळल्यासारखी दिसते आणि तेव्हा कुठलाच हिशेब कामाचा राहत नाही.

तिथले फोटो बघितल्यावर मी पुन्हा १२ मीटरवरच्या त्या ओढलेल्या टोकांच्या फोटोंकडे गेले, कारण त्यातले एक-दोन मला सोडवेनात. एका फोटोत मी बसचा मध्य न धरता चालकाच्या केबिनची अलीकडची खिडकी धरली होती, आणि ती बरोबर समोर असताना शटर उघडलं होतं. चालकाचा चेहरा, हातातलं चाक, काचेवरची पाटी सगळं स्पष्ट. तिथून मागे प्रत्येक खिडकी आधीच्या खिडकीपेक्षा जास्त ओढलेली, आणि चौकटीच्या कडेशी लाल रंगाचा नुसता लोट. जवळ उभं राहून लांब गाडी टिपायची असेल तर पूर्ण गाडी स्पष्ट करायचा हट्ट धरू नये, जो भाग स्पष्ट हवा तोच समोरच्या बिंदूवर आणावा. काकांना तो फोटो बाळ्याच्या फोटोपेक्षा जास्त आवडला. मला अजून बाळ्याचाच आवडतो, कारण त्यात बसच्या कडेला लिहिलेलं "सोलापूर" दोन्ही कान्यांसकट वाचता येतं. मामांना मात्र त्यांच्या रिक्षाचा मोठा प्रिंट काढून दिला आहे आणि तो त्यांनी लॅमिनेट करून घेतला.